सणाची सुट्टी संपली की रात्रीचा संदेश का बंद पडतो?

महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीतील आमच्या चपलांच्या दुकानात व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचे खाते गेली काही वर्षे वापरात आहे. दुकान बंद असताना गिऱ्हाईकाचा निरोप आला, तर "दुकान बंद आहे, उघडल्यावर उत्तर देऊ" असे आपोआप कळवणारा संदेश त्यावर लावलेला आहे. तो कोणी बंद केलेला नसतानाही मधूनमधून जायचा थांबतो, ही आमची जुनी तक्रार आहे. २०२४ च्या दिवाळीनंतर असे झाले, २०२५ च्या एप्रिलमध्ये जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर झाले आणि सप्टेंबरमध्ये गणपती विसर्जनानंतर पुन्हा झाले. प्रत्येक वेळी आम्ही संदेश नव्याने लावला, काही दिवस तो नीट चालला आणि पुढच्या सणानंतर पुन्हा गप्प झाला. तिसऱ्या वेळी मात्र मुळाशी जाऊन पाहिले. त्यातून जे हाती लागले ते दुकानात फोन हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी येथे लिहीत आहे.

सप्टेंबरमधील प्रसंग असा होता. १७ तारखेला, बुधवारी, रात्री पावणेदहाच्या सुमारास साताऱ्याच्या एका गिऱ्हाईकाने आठ नंबरची कापशी मिळेल का आणि घटस्थापनेच्या आत पोहोचेल का, असे विचारले होते. दुकान रात्री नऊला बंद होते, त्यामुळे त्यांना आपला बंदचा संदेश जायला हवा होता. तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आम्ही उत्तर दिले, तेव्हा "उत्तर आले नाही म्हणून दुसरीकडे सांगून टाकले" असे त्यांनी कळवले. काउंटरवरच्या मुलाला विचारले, तर त्याने फोन उघडून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "मामा, हे बघा, चालूच हाय की!" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. "Away message" या पानावर "Send away message" समोरचे बटण खरोखरच चालू होते. आतापर्यंतच्या प्रत्येक वेळी आम्ही नेमके येथेच फसलो होतो, कारण ते बटण चालू दिसले की पुढे पाहण्याची गरज कोणालाच वाटत नव्हती.

त्या रात्री दुकान बंद झाल्यावर साडेनऊला मी घरातील एका फोनवरून दुकानाच्या क्रमांकावर निरोप पाठवला. हा क्रमांक दुकानाच्या फोनमध्ये जतन केलेला नव्हता. निरोपापुढे लगेच दोन खुणा उमटल्या, पण उत्तर आले नाही. ही खुणांची बाब प्रत्येकाने लक्षात ठेवावी, कारण दोष कोणत्या बाजूला शोधायचा ते तिच्यावरून कळते. एकच खूण दिसत असेल तर निरोप दुकानाच्या फोनपर्यंत पोहोचलेलाच नाही, म्हणजे फोन बंद आहे किंवा त्याला इंटरनेट नाही. दोन खुणा दिसूनही उत्तर येत नसेल तर फोन जागा आहे आणि चूक संदेशाच्या मांडणीत आहे. मात्र दुकानाचे खाते एखाद्या संगणकालाही जोडलेले असेल आणि तो चालू असेल, तर निरोप त्या संगणकावर पोहोचल्यानेही दोन खुणा उमटू शकतात. म्हणून तपासणीच्या वेळी जोडलेला संगणक बंद ठेवावा. आमचा संगणक तेव्हा बंद होता, त्यामुळे चूक मांडणीतच आहे हे नक्की झाले.

सकाळी तेच पान पुन्हा उघडले आणि बटणाच्या खालच्या ओळी वाचल्या. "Message" मध्ये विसर्जनाच्या सुट्टीचा मजकूर तसाच राहिला होता. त्याखाली "Schedule" या ओळीत "Custom schedule" असे दिसत होते आणि त्यात सुरुवात ६ सप्टेंबर सकाळी ८, शेवट ९ सप्टेंबर सकाळी १० अशी भरलेली होती. सगळे कोडे या दोन ओळींत होते.

"Schedule" मध्ये तीन पर्याय असतात. "Always send" निवडले की दुकान उघडे असो वा बंद, संदेश चोवीस तास जात राहतो. "Outside of business hours" निवडले की दुकानाच्या माहितीत भरलेल्या वेळेबाहेरच तो जातो आणि हे दर दिवशी आपोआप घडते. "Custom schedule" मध्ये सुरुवातीची आणि शेवटची तारीख व वेळ द्यावी लागते आणि संदेश फक्त त्या एका कालावधीपुरताच जातो. तो कालावधी संपला की काम संपले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सुरू होत नाही आणि आधीचा पर्यायही आपोआप परत येत नाही. वरचे मुख्य बटण मात्र चालूच दिसत राहते.

आता सप्टेंबरची घटना जुळवून पाहू. ६ सप्टेंबरला, शनिवारी, अनंत चतुर्दशी होती. महाद्वार रोडवरून मिरवणूक जाते आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, म्हणून आम्ही शनिवार व रविवार दुकान बंद ठेवले. सोमवारी आमची आठवड्याची सुट्टी असते, त्यामुळे दुकान मंगळवारी, ९ तारखेला, सकाळी दहाला उघडणार होते. त्याप्रमाणे कर्मचाऱ्याने "Outside of business hours" काढून "Custom schedule" लावले आणि तारखा अचूक भरल्या. सुट्टीच्या तिन्ही दिवसांत संदेश बिनचूक गेला. ९ तारखेला सकाळी दहाला कालावधी संपला. त्या रात्रीपासून १८ तारखेपर्यंत, म्हणजे सलग दहा रात्री, कोणालाही काही गेले नाही आणि आम्हाला ते कळलेही नाही, कारण न गेलेला संदेश फोनवर कोठेच दिसत नाही. सुट्टी लावणाऱ्याने आपले काम चोख केले होते. सुट्टी संपल्यावर जुना पर्याय परत लावणे हेही काम आहे, हे आम्ही कोणाच्या हाती सोपवलेच नव्हते.

काही दुकानांत याच चुकीचे दुसरे रूप आढळते. रोज रात्री नऊ ते सकाळी दहा संदेश जावा म्हणून पहिल्याच दिवशी "Custom schedule" मध्ये आज रात्री नऊ आणि उद्या सकाळी दहा असे भरले जाते. पहिल्या रात्री संदेश जातो, त्यामुळे सगळे खूश असतात. दुसऱ्या रात्रीपासून तो जात नाही. रोज रात्रीसाठी हा पर्याय नाहीच.

रोजच्या संदेशासाठी आधी दुकानाची वेळ भरावी लागते. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये काही फोनवर "Tools" नावाचा विभाग खाली दिसतो, तर काहींवर वरच्या तीन ठिपक्यांत "Business tools" असते. तेथून "Business profile" मध्ये जावे आणि "Business hours" ही ओळ उघडावी. तेथे "Open for selected hours" निवडून प्रत्येक वाराची वेळ भरावी. आमच्या दुकानासाठी मंगळवार ते रविवार सकाळी १० ते रात्री ९ अशी वेळ आहे आणि सोमवार बंद ठेवलेला आहे. वेळ भरताना सकाळ आणि रात्र यांची अदलाबदल होऊ देऊ नका. रात्री नऊच्या जागी सकाळचे नऊ पडले, तर सगळाच हिशेब उलटतो. ही वेळ जतन केल्यावर "Away message" मध्ये यावे, बटण चालू करावे, "Schedule" मध्ये "Outside of business hours" निवडावे आणि शेवटी जतन करण्याचे बटण दाबावे. जतन न करता मागे गेल्यास बदल लागत नाही आणि घाईत असे बरेचदा होते.

मग सणाच्या सुट्टीचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. माझे मत असे की, दोन-चार दिवसांच्या सुट्टीसाठी "Schedule" ला हातच लावू नये. त्याऐवजी "Business hours" मध्ये जाऊन सुट्टीचे वार बंद करावेत. विसर्जनाच्या वेळी शनिवार आणि रविवार बंद केले असते, तर सोमवार आधीच बंद असल्याने तिन्ही दिवस संदेश आपोआप गेला असता आणि दुकानाच्या माहितीतही ते दिवस बंद दिसले असते. सुट्टी संपल्यावर हे वार पुन्हा चालू करावे लागतात हे खरे. येथेही विसर पडू शकतो, पण त्याचा परिणाम वेगळा होतो. वार चालू करायचे राहून गेले, तर पुढच्या शनिवारी दुकान उघडे असताना गिऱ्हाईकाला "दुकान बंद आहे" असा संदेश जाईल. हे वाईटच आहे. पण तो संदेश त्या संवादात काउंटरवरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर दिसेल आणि पहिल्या एक-दोन गिऱ्हाइकांतच चूक पकडली जाईल. "Custom schedule" विसरल्यावर मात्र दहा रात्री काहीच दिसत नाही. सलग आठवड्याहून मोठी सुट्टी असेल, तर "Custom schedule" वापरायला हरकत नाही. फक्त ते लावणाऱ्यानेच कोणत्या तारखेला "Outside of business hours" परत लावायचे, ते काउंटरच्या वहीत उघडण्याच्या तारखेखाली लिहून ठेवावे.

याच कारणासाठी संदेशाच्या मजकुरात तारखा शक्यतो टाळाव्यात. आम्ही आता पुढील मजकूर कायम ठेवला आहे:

"नमस्कार. दुकान सध्या बंद आहे. आमची वेळ मंगळवार ते रविवार, सकाळी १० ते रात्री ९ अशी आहे. आपला निरोप मिळाला आहे. चपलेचा प्रकार आणि पायाचे माप लिहून ठेवल्यास दुकान उघडताच पहिल्या तासाभरात उत्तर देऊ."

सणाच्या वेळी याच्या शेवटी "सणानिमित्त दुकान अमुक वारी सकाळी १० वाजता उघडेल" अशी एकच ओळ जोडायची आणि वार चालू करताना ती काढून टाकायची. संपूर्ण मजकूर बदलला की जुना पुन्हा कोण लिहिणार, असा प्रश्न उभा राहतो आणि मग विसर्जनाचा मजकूर पितृपंधरवड्यातही तसाच पडून राहतो, जसा आमच्याकडे राहिला होता. "पहिल्या तासाभरात" असे लिहिले असल्याने सकाळी दुकान उघडल्यावर झाडलोट आणि पूजा झाली की आधी फोन पाहायचा, हा नियम मात्र पाळावा लागतो. ते जमणार नसेल तर ते शब्द काढून टाकावेत, कारण न पाळलेल्या वेळेने गिऱ्हाईक जास्त दुखावते.

मांडणी बरोबर असूनही संदेश काहींना जातो आणि काहींना जात नाही, अशी तक्रार आली, तर त्याच पानावरील "Recipients" ही ओळ पाहावी. तेथे "Everyone" म्हणजे सर्वांना, "Everyone not in address book" म्हणजे ज्यांचे क्रमांक फोनमध्ये जतन नाहीत त्यांनाच, असे पर्याय आहेत. त्याखाली काही जणांना वगळण्याचे किंवा ठरावीक लोकांनाच पाठवण्याचे पर्यायही असतात. आम्ही नेहमीच्या गिऱ्हाइकांचे क्रमांक नावानिशी जतन करतो. अशा दुकानाने दुसरा पर्याय निवडला, तर सर्वांत जुन्या गिऱ्हाइकांनाच संदेश जाणार नाही. कर्मचारी स्वतःच्या फोनवरून तपासून पाहतो तेव्हा त्याचाही क्रमांक जतन असतो, त्यामुळे त्यालाही काही मिळत नाही आणि सगळेच बिघडले असा त्याचा समज होतो. आमच्यासारख्या दुकानासाठी "Everyone" हेच योग्य आहे. चामडे देणारे व्यापारी आणि कारागीर यांना रात्री उगाच संदेश जाऊ नये असे वाटत असेल, तर वगळण्याच्या पर्यायात तेवढीच नावे टाकावीत.

आता एकच खूण दिसत असेल तर काय, ते पाहू. हा आपोआप जाणारा संदेश दुकानाच्या फोनला इंटरनेट असेल तरच जातो. आमच्याकडे रात्री शटर ओढण्यापूर्वी विजेचे मुख्य बटण खाली करण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. पण त्याबरोबर वाय-फायचा राउटरही बंद होतो. फोनमधील मोबाईल डेटा बंद असेल, तर तो फोन ड्रॉवरमध्ये रात्रभर बिनकामाचा पडून राहतो आणि रात्रीचे निरोप सकाळी वीज आल्यावर एकदम येऊन पडतात. म्हणून शटर ओढण्यापूर्वी फोनचा मोबाईल डेटा चालू आहे आणि रात्रभर पुरेल इतकी बॅटरी आहे, हे पाहणे मुख्य बटण खाली करणाऱ्याचेच काम ठरवले आहे. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असल्यास काही फोन मागे चाललेली कामे थांबवतात, त्यामुळे तीही बंद ठेवावी. जाड लोखंडी तिजोरीत फोन ठेवल्यास नेटवर्क जाते, हेही एकदा अनुभवले आहे.

स्वागताच्या संदेशाबद्दलही एक गैरसमज वारंवार कानावर येतो, म्हणून त्याचाही उलगडा येथेच करतो. "Greeting message" हा गिऱ्हाईक पहिल्यांदा निरोप पाठवते तेव्हा, किंवा त्या गिऱ्हाइकाशी १४ दिवस काहीच बोलणे झालेले नसेल तर त्यानंतरच्या पहिल्या निरोपाला जातो. दहा दिवसांपूर्वी बोललेल्या गिऱ्हाइकाला तो जात नाही, आणि तसा तो जाऊही नये. कर्मचारी एका फोनवरून तपासतात, पहिल्यांदा संदेश येतो, मग मजकूर सुधारून लगेच पुन्हा तपासतात आणि आता काहीच येत नाही म्हणून बिघाड झाल्याचे सांगतात. तो बिघाड नव्हे. मजकूर बदलल्यावर ज्या क्रमांकावरून दुकानाला कधीच निरोप गेलेला नाही, अशा क्रमांकावरून तपासावे.

हा संदेश दिवसा की रात्री जाईल ते आपल्या हाती नाही. नवे गिऱ्हाईक रात्री अकराला लिहिते, तेव्हाही तो जातो. त्यामुळे "आता लगेच उत्तर देतो" किंवा "आपल्या सेवेत हजर आहोत" अशी वाक्ये त्यात लिहू नयेत, नाहीतर एकीकडे हजर आहोत आणि दुसरीकडे दुकान बंद आहे, असे दोन विसंगत निरोप एकाच गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याची वेळ येते. वेळेचा विषय बंदच्या संदेशावर सोपवावा आणि स्वागताच्या संदेशात गिऱ्हाइकाकडून काय हवे ते मागावे. आमचा मजकूर असा आहे:

"नमस्कार, दुकानात आपले स्वागत आहे. चपलेचा प्रकार आणि पायाचे माप कळवावे. माप घेण्यासाठी कोऱ्या कागदावर अनवाणी उभे राहून पेन सरळ धरून पायाभोवती रेघ ओढावी आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटीमीटरमध्ये लिहून फोटो पाठवावा. दोन्ही पायांचे माप घ्यावे."

कोल्हापुरीचा पट्टा पायावर घट्ट बसावा लागतो आणि दोन पायांत थोडा फरक असतोच, म्हणून दोन्ही मापे मागितली आहेत. हा मजकूर लावल्यापासून "कितीचा नंबर?" "आठचा." "पाय रुंद आहे का?" अशी चार-पाच वेळची देवाणघेवाण वाचली आहे आणि गिऱ्हाईक पहिल्याच निरोपानंतर कागदाचा फोटो पाठवू लागले आहे. यात किंमत लिहू नये. चामड्याचे भाव बदलतात आणि जुनी किंमत महिनोन्‌महिने तशीच जात राहते.

१९ तारखेच्या सकाळी आम्ही "Outside of business hours" परत लावले, मजकूर बदलला आणि जतन केला. रात्री सव्वानऊला दोन फोनवरून निरोप पाठवून पाहिले. एक क्रमांक दुकानात जतन होता, दुसरा नव्हता. दोघांनाही बंदचा संदेश मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला त्याच दोन फोनवरून पुन्हा निरोप पाठवले, तेव्हा बंदचा संदेश आला नाही. सकाळची ही दुसरी तपासणी बहुतेकजण विसरतात. रात्री संदेश गेला एवढ्यावर समाधान मानले आणि चुकून "Always send" लागलेले असले, तर दिवसभर गिऱ्हाइकांना बंदचा निरोप जात राहतो.

त्यानंतर लगेच पुढच्या सोमवारचा प्रश्न आला. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावचे भाविक येतात, म्हणून त्या काळात आम्ही सोमवारीही दुकान उघडतो आणि रात्री अकरापर्यंत चालू ठेवतो. "Business hours" मध्ये सोमवार बंद आणि शेवटची वेळ नऊच राहिली असती, तर गर्दीच्या ऐन वेळी, रात्री साडेनऊला, मंदिराबाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दुकान बंद असल्याचा निरोप गेला असता. म्हणून रविवारी रात्रीच सोमवार चालू केला, सगळ्या वारांची शेवटची वेळ अकरा केली, संदेशातील वेळेची ओळही तशी बदलली आणि वहीत ३ ऑक्टोबरच्या पानावर, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, "वेळ पुन्हा नऊ, सोमवार बंद, मजकूर जुना" असे लिहून खाली ज्याने बदल केला त्याची सही घेतली.